घशात माशाचा काटा अडकला तर: काय करू नये आणि हॉस्पिटल कधी गाठावं

कोकणात मासे खाणाऱ्या प्रत्येक घरात काटा काढण्याचा एक ठरलेला उपाय असतो. कुणाकडे भाताचा गोळा न चावता गिळायला देतात, कुणाकडे केळं, कुणाकडे भाकरीचा मोठा तुकडा, तर कुणाकडे लिंबू पिळून पाणी. हे उपाय टिकून राहिले, कारण बहुतेक वेळा त्यानंतर माणसाला बरं वाटतं. पण ज्या थोड्या वेळा काटा खरोखर रुतलेला असतो, तेव्हा हेच उपाय त्याला आणखी खोल ढकलतात आणि पुढचं सगळं अवघड करून ठेवतात. आमच्या मामाच्या बाबतीत हे मी जवळून पाहिलं, नंतर घशाच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. कोकणात नव्याने राहायला आलेल्यांसाठी आणि मासे नव्यानेच खायला लागलेल्यांसाठी ते सगळं इथे क्रमाने लिहितो आहे.

१. आधी एकच गोष्ट ठरवा: श्वास अडलाय की फक्त टोचतंय?

समोरच्याला विचारा, "बोलता येतंय का?" तो बोलला, खोकला, श्वास घेतोय, तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. थेट दुसऱ्या मुद्द्याकडे जा.

बोलता येत नाही, खोकल्याचा आवाज निघत नाही, हात गळ्याकडे गेलाय, ओठ काळेनिळे पडू लागलेत, तर घास किंवा काट्यासकट माशाचा तुकडा श्वासनलिकेच्या तोंडाशी अडकला आहे. तिथे एकेक क्षण मोलाचा. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने जोरात पाच थापा मारायच्या. वस्तू बाहेर आली नाही, तर मागून त्याच्या कमरेला मिठी घालायची, एका हाताची मूठ बेंबीच्या थोडी वर ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यायचे. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके, वस्तू निघेपर्यंत किंवा माणूस शुद्ध हरपेपर्यंत. शुद्ध हरपली तर जमिनीवर उताणं झोपवून छाती दाबायला सुरुवात करायची.

गरोदर बाईच्या किंवा फार स्थूल माणसाच्या पोटावर झटके देत नाहीत, छातीच्या मधल्या हाडावर देतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावरही कधी दाब द्यायचा नाही. त्याला आपल्या हातावर पालथं, डोकं खाली करून धरायचं, पाठीत पाच थापा मारायच्या, मग उताणं करून एका तळहाताच्या टाचेने छातीच्या मध्यावर पाच दाब द्यायचे.

यात एक चूक नेहमी होते. माणूस चांगला खोकतोय, बोलतोय, नुसतं "टोचतंय" म्हणतोय, तरी घरचे त्याच्या पाठीत दणके घालू लागतात. खोकला चालू असेल तर तोच सगळ्यात चांगला उपाय आहे. त्याला पुढे वाकून खोकू द्या, पाठीला हात लावू नका.

२. जेवण तिथेच थांबवा

टोचलं की पुढचा घास घ्यायचा नाही. तोंडात आहे तो थुंकून टाका. कवळी असेल तर काढून ठेवा. हलकं एकदोनदा खोका, खाकरा. साध्या पाण्याचे दोनतीन छोटे घोट घ्या. सैल असलेला काटा एवढ्यानेही सुटतो. पाणी सहज गेलं, तर अन्ननलिका पूर्ण बंद झालेली नाही एवढंही त्यातून कळतं. पाणी उलटून बाहेर आलं किंवा गिळताना छातीत कळ आली, तर पुढे काहीही पोटात घालायचं नाही, निघायचं.

मग चांगला टॉर्च घ्या. मोबाईलचा चालेल. तोंड मोठं उघडायला सांगा, चमच्याच्या दांड्याने जिभेचा पुढचा भाग हलकेच दाबा आणि "आ" म्हणायला सांगा. पडजिभेच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिलच्या गाठी दिसतात. पांढरा बारीक काटा पुष्कळदा त्यातच रुतलेला असतो. थुंकीची तारसुद्धा तशीच दिसते, म्हणून एकदा पाणी पिऊन पुन्हा बघा. तार हलते, काटा जागचा हलत नाही.

दिसला तर काय? जिभेवर किंवा गालाच्या आत सैल पडलेला असेल तर उचलून टाका. टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुतलेला दिसत असेल तर चिमट्याने ओढायला जाऊ नका. तिथे चिमटा लागला की उबळ येते, माणूस झटका देतो, काटा मधेच मोडतो आणि मांसात राहिलेला तुकडा मग डॉक्टरांनाही दिसत नाही. दिसतोय ही चांगली बातमी आहे, कारण डॉक्टर तो ओपीडीत खुर्चीवर बसवूनच काढू शकतात.

दिसला नाही म्हणजे नाही, असंही समजू नका. टॉर्चने जिभेचं मूळ आणि त्याखालचा भाग दिसतच नाही.

३. हे करू नका, आणि का नको ते समजून घ्या

*भाताचा गोळा, केळं, भाकरी, पाव.* पायात बाभळीचा काटा रुतला की आपण तो पाय जमिनीवर दाबत नाही. घशातही तेच. आडवा पडलेला सैल काटा गोळ्याबरोबर खाली जाईल, पण तो पाण्याच्या घोटानेही गेला असता. टोकाने रुतलेल्या काट्यावर गोळा दाब देतो आणि टोक आणखी आत घुसवतो, किंवा वरच्या सोप्या जागेतून उचलून खालच्या अवघड जागेत नेऊन बसवतो. घसा रुंद आहे. अन्ननलिकेचं तोंड, म्हणजे कंठाच्या जरा खालचा भाग, हा त्या मार्गातला सगळ्यात अरुंद जागांपैकी एक. काटा तिथे आडवा बसला की ओपीडीतलं काम ऑपरेशन थिएटरमध्ये जातं.

या गोळ्याचा दुसरा तोटा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. काटा काढायला भूल द्यावी लागली तर पोट रिकामं असावं लागतं. जेवणानंतर साधारण सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात, नाही तर भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जायचा धोका असतो. म्हणजे घरी चार उपाय करून, केळी-भात खाऊन तुम्ही हॉस्पिटलात पोहोचलात, तर डॉक्टर समोर असूनही वाट बघत बसायची पाळी येते.

*लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं पाणी, सोडा.* आंबटाने काटा विरघळतो, असं म्हणतात. व्हिनेगरमध्ये हाड मऊ होतं हे खरं, पण त्याला ते तासन् तास बुडवून ठेवावं लागतं. घशातून लिंबूपाणी एका क्षणात खाली जातं. काट्याला काही होत नाही, ओरखडलेल्या जागी मात्र आग होते. मग ती आग काट्याची की लिंबाची हे तुम्हालाच सांगता येत नाही.

*बोट घालणं.* बोट घशात पोहोचतं तिथवर काटा असला तरी तो दिसत नसतो. आपण चाचपडतो, नख लागतं, रक्त येतं, सूज येते. लहान मुलांच्या घशात तर कधीच बोट घालू नका.

*मुद्दाम उलटी काढणं.* ओकारीच्या जोराने काटा आडवा होऊन अन्ननलिकेला चीर पडू शकते. मीठपाणी पाजून उलटी करवणं हा तर फार धोक्याचा प्रकार आहे.

*दुखणं मारायची गोळी घेऊन झोपून जाणं.* ही चूक साधी वाटते म्हणून होते. गोळीने टोचणं कमी जाणवतं आणि "गेला वाटतं" म्हणून आपण निर्धास्त होतो. निदान डॉक्टरांना दाखवेपर्यंत दुखणं दबवू नका. ते नेमकं कुठे आहे, वाढतंय की कमी होतंय, हीच तर तुमच्याकडची सगळ्यात मोठी माहिती.

४. काटा आहे की नुसता ओरखडा?

काटा टोचल्याची भावना घेऊन येणाऱ्या पुष्कळ माणसांच्या घशात तपासल्यावर काटा सापडत नाही. तो जाताना ओरखडा काढून गेलेला असतो आणि ती जागा दुखत राहते. दोन्हींतला फरक घरी पक्का करता येत नाही, पण अंदाज येतो.

आवंढा गिळा. प्रत्येक वेळी त्याच एका बिंदूवर, त्याच एका बाजूला सुई टोचल्यासारखं होतं आणि तुम्ही बोटाने ती जागा दाखवू शकता, तर काटा असण्याची शक्यता जास्त. दुखणं पसरट आहे, खवखव आहे, घोट घेतला की बरं वाटतं, तासातासाने कमी होत जातंय, तर ओरखडा असण्याची शक्यता जास्त. ओरखडा साधारण एक-दोन दिवसांत शांत होतो. काटा दिवसेंदिवस जास्त दुखतो.

जागेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कंठमण्याच्या वर टोचत असेल तर बोट दाखवतं तिथेच काटा असतो, निदान बाजू तरी बरोबर असते. कंठमण्याच्या खाली, गळ्याच्या खळगीत किंवा छातीच्या हाडामागे दुखत असेल तर काटा अन्ननलिकेत असू शकतो, आणि तिथे शरीराला नेमकी जागा सांगता येत नाही. म्हणून वरचं टोचणं थांबलं आणि खाली बोथट दुखू लागलं, तर ती सुधारणा समजू नका. आमचे मामा नेमके यातच फसले.

माशावरूनही थोडा अंदाज येतो. करली आणि तारली या माशांच्या मांसात केसासारखे बारीक, मधल्या काट्याला न जोडलेले सुटे काटे असतात. ते भातात कालवले की हाताला लागत नाहीत आणि टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततात. सुरमई, तांबोशी अशा मोठ्या माशांचा काटा जाड व लांब असतो. तो सहसा तोंडातच कळतो, पण गिळला गेलाच तर खाली अन्ननलिकेत अडकतो. मोरीला हाडाचे काटे नसतात, बोंबलाचा काटा मऊ असतो. कुर्लीच्या नांगीची कपची, कालवं फोडताना राहिलेला शिंपल्याचा तुकडा, कोंबडीचं चिरलेलं हाड यांची धार काट्याहून वाईट असते. त्यांच्यासाठी "उद्या बघू" हा पर्याय ठेवू नका.

५. कधी निघायचं

*लगेच, रात्र असली तरी:*

श्वास घ्यायला त्रास होतोय, श्वासाबरोबर आवाज येतोय, किंवा आवाज एकदम घोगरा झालाय. स्वतःची थुंकी गिळता येत नाही, लाळ बाहेर गळतेय. थुंकीत किंवा उलटीत रक्त आलं. छातीत, पाठीत किंवा मानेत जोराचं दुखतंय. मान सुजली, किंवा गळ्याजवळची कातडी दाबल्यावर खाली करकर लागते. या करकरीचा अर्थ असा की अन्ननलिकेला भोक पडून हवा कातडीखाली आली आहे. थंडी वाजून ताप आला, तेव्हाही थांबू नका.

आधी थोडंसं रक्त पडून ते आपोआप थांबलं, तरी ते क्षुल्लक मानू नका. अन्ननलिकेच्या अगदी शेजारून छातीतली मुख्य रक्तवाहिनी जाते. क्वचित रुतलेला काटा तिथवर पोहोचतो, आणि मोठ्या रक्तस्रावाआधी असं थोडं रक्त पडून जातं.

*त्याच दिवशी:*

गिळताना दर वेळी एकाच जागी टोचतंय. टॉर्चमध्ये काटा दिसतोय. दुखणं कंठमण्याच्या खाली आहे. कपची किंवा हाड गिळलं गेलं आहे. रुग्ण लहान मूल आहे, किंवा कवळी वापरणारं वयस्कर माणूस आहे. कवळीने टाळू झाकलेली असल्याने काटा तोंडात जाणवतच नाही, म्हणून आजी-आजोबांनी "काय तरी अडकल्यासारखं वाटतंय" एवढंच म्हटलं तरी ते गांभीर्याने घ्या. लहान मूल टोचतंय असं सांगत नाही. ते जेवायचं नाकारतं, लाळ गाळतं, मान एका बाजूला धरतं किंवा उगाच रडतं.

अन्ननलिकेत टोकदार वस्तू असेल तर ती शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा सहा तासांत दुर्बिणीने काढावी, असं युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कोकणातल्या रस्त्यांचा हिशोब घातला तर त्यातला बराच वेळ प्रवासातच जातो. निघायला उशीर करू नका म्हणतो, ते याचसाठी.

*घरी थांबून बघायला हरकत नाही:*

पाणी नीट जातंय, नुसती खवखव आहे, ती कमी होत चालली आहे, वरचं एकही लक्षण नाही. अशा वेळी पेज किंवा मऊ भात-दही खा, कोमट मीठपाण्याने गुळण्या करा. चोवीस तासांनंतरही टोचत असेल तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

६. कुठे जायचं, बरोबर काय न्यायचं

तुम्हाला हवा आहे कान-नाक-घसा तज्ज्ञ, ज्याला सगळे ईएनटी म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो नसतो. तिथे टॉर्चने दिसणारा काटा निघू शकतो आणि १०८ ची गाडी मिळू शकते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रोज ईएनटी असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: ईएनटी डॉक्टर आत्ता आहेत का, घसा बघायची दुर्बीण आहे का, आणि भूल देऊन काढायची वेळ आली तर ती सोय तिथेच आहे का? तिन्हींना नाही म्हणाले तर अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाठणं चांगलं. दक्षिण सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजलाही जातात. दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटीवर विसंबून निघणार असाल, तर ती रात्री उशिरा बंद असते हे लक्षात ठेवा आणि वाट आधीच ठरवा.

काटा टोचत असताना स्वतः गाडी चालवू नका. निघायचं ठरलं की पोटात काही घालायचं नाही. थुंकी गिळवत नसेल तर बरोबर भांडं किंवा फडकं ठेवा आणि थुंकत राहा.

बरोबर घ्या:

- आधार कार्ड आणि रेशन कार्ड, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मदत कक्षात हीच कागदपत्रं पहिल्यांदा मागतात. आयुष्मान कार्ड असेल तर तेही.
- चालू औषधांची चिठ्ठी किंवा गोळ्यांची पाकिटं. रक्त पातळ करणारी गोळी आणि मधुमेहाचं औषध चालू असेल तर ते न विचारता आधीच सांगा.
- ताटातला तसाच दुसरा काटा, कागदात गुंडाळून. कुठल्या माशाचा, केवढ्या लांबीचा, किती जाड, हे तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना त्यावरून लगेच कळतं.
- एका कागदावर चार ओळी: किती वाजता टोचलं, तेव्हा कुठे दुखत होतं, आता कुठे दुखतंय, शेवटचं खाणं आणि पाणी किती वाजता, घरी काय काय उपाय केले.

ती शेवटची ओळ लिहायला लाज वाटते, म्हणून बरेच जण गोळा गिळल्याचं सांगत नाहीत. पण डॉक्टर काटा कुठे शोधणार, हे त्यावरच ठरतं.

७. हॉस्पिटलमध्ये काय होतं

पहिल्यांदा टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी. मग जीभ धरून, घशात छोटा आरसा घालून जिभेचं मूळ बघतात. उबळ फार येत असेल तर घसा बधिर करायचा फवारा मारतात. तो कडू लागतो आणि काही वेळ गिळताना विचित्र वाटतं. त्यानंतर नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून स्वरयंत्राच्या आजूबाजूच्या खाचा बघतात. ऐकायला भीतिदायक वाटतं, पण तोंडाने सावकाश श्वास घेत राहिलं तर चारदोन मिनिटांत होतं. काटा इथवर दिसला तर तिथेच वाकड्या चिमट्याने निघतो आणि तुम्ही चालत घरी येता.

नाही दिसला तर मानेचा बाजूने एक्स-रे काढतात. इथे पुष्कळ जण फसतात. माशाचे बरेच काटे एक्स-रेत उमटतच नाहीत, म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, घरी जा" एवढ्यावर समाधान मानू नका. दुखणं तसंच असेल तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, अजून त्याच जागी टोचतंय, सीटी स्कॅनची गरज आहे का?" काटा शोधायला साधा, रंगद्रव्याशिवायचा सीटी स्कॅन एक्स-रेपेक्षा खूपच भरवशाचा. काट्यासाठी बेरियम पाजून एक्स-रे काढू नये, कारण त्या पांढऱ्या औषधाचा लेप बसला की नंतर दुर्बिणीतून काही नीट दिसत नाही.

मामाचं काय झालं ते यात बसवून सांगतो. रात्री नऊच्या सुमाराला करलीची कढी आणि भात जेवताना घशाच्या डाव्या बाजूला, वर, टोचलं. मामी म्हणाली, "अवो, भाताचो गोळो गिळा, जातलो तो खाली." दोन गोळे गिळल्यावर वरचं टोचणं खरंच थांबलं. पण गळ्याच्या खळगीत बोथट दुखायला लागलं. खाली गेला म्हणून सगळे झोपले. सकाळी साडेसातला चहात भाकरी बुडवून खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि थुंकी गिळणं नकोसं झालं.

तालुक्याला नेल्यावर डॉक्टरांनी आरशाने बघितलं, काटा नव्हता. एक्स-रेतही स्पष्ट काही नव्हतं. पण त्यांनी नीट विचारलं की दुखणं आधी कुठे होतं आणि आता कुठे आहे, गोळा गिळला का. ते ऐकल्याबरोबर त्यांनी पुढे पाठवलं. सीटी स्कॅनमध्ये अन्ननलिकेच्या तोंडाशी आडवा बसलेला काटा दिसला. रात्री तो वरच असताना आलो असतो, तर कदाचित खुर्चीवर बसल्या बसल्या निघाला असता. आता भूल लागणार होती. भूलतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो शेवटचं खाणं कधी झालं याचा, आणि त्या भाकरीमुळे दुपारी दीडपर्यंत थांबावं लागलं. तेवढा वेळ रक्त, ताप, मानेची सूज यांवर नर्स लक्ष ठेवून होत्या. त्यांतलं काही दिसलं असतं तर पोट भरलेलं असतानाही धोका पत्करून भूल द्यावी लागली असती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

काटा दुर्बिणीने निघाला. अन्ननलिकेला आतून छोटा ओरखडा होता, भोक नव्हतं. तरी त्या रात्री तोंडाने काही दिलं नाही, सलाईनवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी आधी पाण्याचा घोट देऊन दुखतंय का, ताप येतोय का ते बघितलं, मग पेज, आणि संध्याकाळी घरी सोडलं.

८. घरी आल्यावर

काटा निघाल्यावरही एक-दोन दिवस गिळताना दुखतं. ती ओरखड्याची जखम असते. पेज, मऊ भात, कोमट दूध असं खा. तिखट, आंबट आणि कडक काही तेवढे दिवस नको. दिलेल्या गोळ्या सांगितल्या तेवढे दिवस पूर्ण घ्या.

काटा सापडलाच नाही आणि घरी पाठवलं असेल, तर दोन दिवसांत दुखणं संपायला हवं. नाही संपलं, तर तेच कागद घेऊन पुन्हा जा आणि "काटा सापडला नव्हता, अजून त्याच जागी टोचतंय" हे पहिल्या वाक्यात सांगा. न सापडलेला काटा कधी कधी मांसात शिरून मानेत सरकतो आणि काही दिवसांनी तिथे पू होतो. म्हणून पुढच्या आठवड्याभरात ताप आला, मान आखडली, तोंड उघडायला त्रास होऊ लागला, मानेवर गाठ किंवा सूज आली, किंवा छातीत व पाठीत दुखू लागलं, तर काटा अडकल्याची गोष्ट जुनी झाली असं न समजता डॉक्टरांना ती तारखेसकट सांगा. हे दुखणं आणि तो मासा यांचा संबंध तुम्ही सांगितला नाही, तर तापाची गोळी घेऊन परत यायची वेळ येते.